दुबईत दोन तास दहा मिनिटांचा थांबा आहे. कार्डावरचं लाउंज वापरावं का?

सातपुडा · १४ एप्रिल, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आई (वय ७१) आणि मुलगा (वय ७) यांना घेऊन भावाकडे फ्रांकफुर्टला चालले आहे. आम्ही नागपूरचे. नागपूर–मुंबई हे वेगळं तिकीट आहे, रात्री १० ला मुंबईत उतरतो. पुढे मुंबई–दुबई–फ्रांकफुर्ट एकाच तिकिटावर, एमिरेट्सचं. मुंबईहून पहाटे ४:३० ला निघतो, दुबईत सकाळी ६:१० ला पोचतो आणि तिथून पुढचं विमान ८:२० ला आहे.

माझ्या क्रेडिट कार्डावर बँकेने प्रायॉरिटी पास दिला आहे. त्यावर वर्षाला परदेशातल्या विमानतळांवरच्या लाउंजच्या सहा भेटी मोफत. अजून एकदाही वापरलेला नाही. आईला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, गुडघेही दुखतात. म्हणून वाटतंय की दुबईत लाउंजमध्ये तिला जरा पाय पसरून बसता येईल, वेळेवर नाश्ताही होईल. नवरा म्हणतो दोन तासांत काही होत नाही, सरळ गेटवर जा. येताना दुबईत जवळजवळ चार तास आहेत, त्यामुळे तिकडचा प्रश्न नाही. प्रश्न जातानाचा आहे. ज्यांनी असा कमी वेळाचा थांबा केला आहे त्यांनी सांगा.

मिलिंद_ठाणे · १४ एप्रिल, रात्री ९:४२

अहो, फुकट आहे तर नक्की वापरा. दोन तास म्हणजे भरपूर वेळ. आम्ही दरवर्षी दुबईमार्गे जातो. लाउंजमध्ये गरम नाश्ता, चहा-कॉफी, स्वच्छ बाथरूम. लहान मूल बरोबर असलं की त्याची किंमत कळते. आणि एकाच तिकिटावर आहात ना? मग काळजी सोडा. एका पीएनआरवर पुढच्या विमानाची जबाबदारी कंपनीची असते. उशीर झाला तरी थांबतात, नाही तर पुढच्या विमानात बसवून देतात.

गवतीचहा · १४ एप्रिल, रात्री १०:०५

प्रायॉरिटी पास असेल तर सिक्युरिटीच्या रांगेतून आधी सोडतात ना? मग तुमचा तिथला वेळ वाचेल आणि लाउंजला मिळेल. आईंनाही उभं राहायला नको.

धावपट्टी२७ · १४ एप्रिल, रात्री ११:३०

गवतीचहा, नावामुळे तसं वाटतं खरं, पण हा पास फक्त लाउंजच्या दारापर्यंतचा आहे. सिक्युरिटी, इमिग्रेशन, विमानात आधी चढणं, यांच्याशी त्याचा संबंध नाही. रांग सगळ्यांची तीच.

सातपुडा ताई, मी अकरा वर्षं आखातातल्या एका विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये होतो, त्यातली बरीचशी गेटवर. आता पुण्यात आहे. तुमचा थांबा कागदावर १३० मिनिटांचा आहे. त्यातला हातात किती उरतो ते मिनिटं मोजूनच पाहावं लागतं.

६:१० ही विमान जागेवर उभं राहण्याची वेळ. तुम्ही मागच्या रांगांत असाल, आई सावकाश चालणार, मुलाची बॅग वरून काढायची. विमानाबाहेर पडायलाच पंधरा मिनिटं धरा. भारतातून येणाऱ्या विमानाला कधी थेट टर्मिनलला जोडणारा पूल मिळतो, कधी लांब उभं करून बसने आणतात. बस मिळाली की आणखी पंधरा. मग कनेक्शनची सिक्युरिटी. दुबईत उतरून पुढे जाणाऱ्याचं सामान पुन्हा तपासतात, पाण्याची बाटली तिथे रिकामी करावी लागते. सकाळी सहा-सातला भारत-पाकिस्तानातून आलेली विमानं आणि युरोपला निघणारी विमानं एकाच वेळी असतात, म्हणून तिथे वीस मिनिटं धरा. इथेच सात वाजले.

टर्मिनल ३ चे तीन भाग आहेत, ए, बी आणि सी. बी आणि सी आतून चालत जोडलेले आहेत, ए ला जायला छोटी ट्रेन आहे. तुमचं गेट दुसऱ्या भागात लागलं तर आईच्या चालीने आणखी पंधरा-वीस मिनिटं. म्हणजे ७:१५–७:२०.

आता उलट बाजूने मोजा. एमिरेट्सचं गेट सुटण्याच्या वीस मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे ८:०० ला. बोर्डिंग त्याच्याही बरंच आधी, साधारण पाऊण-एक तास आधी सुरू होतं. वयस्कर माणूस आणि लहान मूल घेऊन तुम्ही ७:४० ला गेटवर असलंच पाहिजे. ७:२० ते ७:४०. एवढाच तुमचा थांबा. त्यातच लाउंज शोधायचं, काउंटरवर कार्ड आणि बोर्डिंग पास दाखवायचे, आणि परत गेटपर्यंत चालायचं.

मिलिंद_ठाणे · १५ एप्रिल, सकाळी ७:५०

धावपट्टी२७, तुम्ही प्रत्येक टप्प्याला जास्तीत जास्त वेळ धरला आहे. आम्हाला कधीच बस मिळालेली नाही, पूलच मिळाला आहे. मागच्या वेळी विमान वीस मिनिटं लवकर पोचलं होतं. सगळं वाईटच होईल असं धरून कसं चालेल?

धावपट्टी२७ · १५ एप्रिल, सकाळी ८:३५

मिलिंद, मुद्दा बरोबर आहे. पूल मिळाला आणि गेट त्याच भागात निघालं तर वीसच्या जागी पन्नास मिनिटं हातात येतील. पण हे त्यांना कळणार उतरल्यावर. म्हणून आज ठरवायचंच नाही. सिक्युरिटी ओलांडली की पडद्यावर गेट बघायचं, घड्याळ बघायचं आणि तिथे उभं राहून ठरवायचं. गेट त्याच भागात असेल आणि घड्याळात सातच्या आत वाजले असतील तर लाउंजला जा. नाहीतर गेटकडे चालू लागा.

तुमचा दुसरा मुद्दा मात्र मला खोडावा लागेल, कारण त्यावर विसंबून लोक फसतात. एका तिकिटावर कंपनीची जबाबदारी असते ती तिच्या विमानाला उशीर झाला तर. मुंबईचंच विमान दोन तास उशिरा पोचलं आणि पुढचं चुकलं, तर ते तुम्हाला पुढच्या विमानात बसवतील. पण तुम्ही वेळेवर उतरलात, कनेक्शनच्या सिक्युरिटीत तुमचा बोर्डिंग पास स्कॅन झाला आणि गेटवर मात्र आला नाहीत, तर तुमच्या नावापुढे नो-शो पडतो. मग विमान थांबवत नाहीत. उलट तुमच्या बॅगा पोटातून शोधून उतरवतात, कारण प्रवासी नसताना त्याची बॅग उडू द्यायची नसते. लाउंजमध्ये डोळा लागला म्हणून गेट चुकलेली माणसं मी स्वतः परत पाठवली आहेत. शेवटची एक मुलगी होती, हातात अजून लाउंजचा कागदी कप होता. पूल सुटलेला होता. नवीन तिकिटाच्या फरकाचे पैसे तिला भरावे लागले.

नीलांबरी_न · १५ एप्रिल, दुपारी १:१५

आईंसाठी व्हीलचेअर सांगितली आहे का? गुडघे दुखतात म्हणालात म्हणून विचारते. मी सासूबाईंना घेऊन दोनदा दुबईमार्गे गेले आहे, त्यामुळे हे आधी माहीत असलेलं बरं.

व्हीलचेअर घेतली की उतरण्यापासून सिक्युरिटीपर्यंत फार सोपं होतं, रांगही वेगळी. पण ती खुर्ची तुमची नसते. मदतनीस आपल्याला व्हीलचेअरवाल्यांसाठीच्या बसण्याच्या जागेत नेऊन बसवतात, बोर्डिंग पास तिथे देतात आणि वेळ झाली की दुसरा माणूस येऊन गेटवर नेतो. मी म्हटलं लाउंजला न्या, तर तो म्हणाला आम्ही नेत नाही, हवं तर तुम्ही चालत न्या आणि या वेळेला परत इथेच या. सासूबाईंना चालवत नेलं असतं तर खुर्ची घेण्याचा अर्थच उरला नसता. आम्ही तिथेच बसलो. त्या जागेत खुर्च्या ठीकठाक होत्या, बाथरूम जवळ होतं, खायला मात्र काही नव्हतं. मी डब्यातली पोळी-भाजी काढली.

सातपुडा · १५ एप्रिल, दुपारी ३:४०

नीलांबरी, व्हीलचेअर सांगितली आहे! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटलं होतं की खुर्चीवरूनच लाउंजपर्यंत जाऊ.

धावपट्टी२७ दादा, इतकं बसून मोजलंत, मनापासून आभार. मग आईच्या नाश्त्याचं कसं करू? तिची सकाळची गोळी जेवणाआधीची आहे आणि ती उपाशी राहिली की तिला घाम फुटतो, हात थरथरतात. मला खरी काळजी त्याचीच आहे.

सोलापूर_एक्सप्रेस · १५ एप्रिल, रात्री ८:२०

आईंच्या खाण्याबद्दल जाणकार सांगतीलच. मी पैशांबद्दल बोलतो, कारण "फुकट" या शब्दाने मला एकदा चटका बसला आहे.

सहा भेटी मोफत म्हणजे कार्डधारकाच्या. तुम्ही तिघं आहात. आईंच्या नावाचं ॲड-ऑन कार्ड आणि त्यांचा स्वतःचा पास नसेल तर आई आणि मुलगा दोघं पाहुणे. पाहुण्याचा दर बँकेगणिक बदलतो, पण माणशी तीस-पस्तीस डॉलरच्या आसपास धरून चाला. त्यावर जीएसटी आणि परकीय चलनाचा आकार. दोघांचे मिळून साडेसहा-सात हजार रुपये तरी होतात. दारावर कोणी पैसे मागत नाही, नुसतं स्कॅन करून आत सोडतात. बिल महिना-दीड महिन्याने कार्डाच्या स्टेटमेंटवर येतं, तोवर आपण विसरलेलो असतो. लहान मुलाला कुठे सूट असते, कुठे नसते. प्रत्येक लाउंजच्या पानावर ॲपमध्ये वयाची अट लिहिलेली असते, ती आधी वाचा.

दुसरं, माझ्या बाबतीत काय झालं. मी मुंबईतच हा पास दाखवला. आत सोडलं, जेवलो, निघालो. पुढच्या महिन्यात सत्तावीस डॉलर अधिक कर लागून आले. बँकेला फोन केला तर म्हणे तुमच्या कार्डावर प्रायॉरिटी पास भारताबाहेरच मोफत आहे, भारतातल्या लाउंजसाठी तेच क्रेडिट कार्ड स्वाइप करायचं होतं. अट छापलेली होती, मी वाचली नव्हती हे मान्य. पण काउंटरवरच्या माणसाने "कोणतं कार्ड वापरताय?" एवढं विचारलं असतं तरी मी थांबलो असतो.

धावपट्टी२७ · १५ एप्रिल, रात्री १०:५०

सोलापूर_एक्सप्रेसनी फार कामाचं सांगितलं. त्याच हिशेबाने बघा. वीस मिनिटं बसायला साडेसहा-सात हजार. दुबईत डॉलरला ३.६७ दिरहम असा दर बांधलेलाच आहे, म्हणजे एका पाहुण्याचे एकशेदहा ते एकशेतीस दिरहम. दोन पाहुण्यांच्या पैशांपेक्षा बऱ्याच कमी पैशांत गेटजवळच्या दुकानात तिघांचा चहा, ऑम्लेट, सँडविच होतं, आणि डोळ्यांसमोर गेट राहतं.

आता आईंचं. त्यांचा नाश्ता लाउंजवर सोडूच नका. मुंबई–दुबई हे तीन-सव्वातीन तासांचं उड्डाण आहे आणि त्यात जेवण देतात. एमिरेट्सकडे मधुमेहींचं जेवण आगाऊ मागता येतं, बुकिंगच्या पानावर ते `DBML` या खुणेने दिसतं. किमान २४ तास आधी नोंदवावं लागतं. दोन्ही उड्डाणांसाठी वेगवेगळं नोंदवलं आहे ना ते बघा, बरेच जण पहिल्यावरच नोंदवतात. आगाऊ मागितलेलं जेवण इतरांच्या आधी आणून देतात, हाही एक फायदा.

फ्रांकफुर्टच्या विमानात पहिलं जेवण उड्डाणानंतर तासाभराने-दीड तासाने येईल, म्हणजे दुबईच्या घड्याळात साडेनऊ-पावणेदहा. मुंबईच्या विमानातलं खाणं पहाटे चार-साडेचारच्या सुमाराला, दुबईच्याच घड्याळात. मधे पाच-साडेपाच तास जातात. ती फट भरायला पर्समध्ये खाकरा, भाजलेले चणे, एखादं फळ. आणि थरथर सुटलीच तर लगेच द्यायला साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोजची गोळी. गोळ्यांची वेळ कोणत्या घड्याळाने धरायची ते मात्र डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. दुबई आपल्या दीड तास मागे आणि मे महिन्यात जर्मनी साडेतीन तास मागे, त्यामुळे त्यांचा दिवस लांबणार आहे.

माइनकाठ · १६ एप्रिल, दुपारी १२:३०

मी फ्रांकफुर्टला राहते. घड्याळाचा विषय निघाला म्हणून परतीच्या वेळची एक गोष्ट सांगते, कारण चार तासांच्या थांब्यालाही ती लागू पडते.

माझे सासरे एकटे परत जात होते. दुबईत पावणेचार तास होते, लाउंज होतं, आरामात बसले. फोन एअरप्लेन मोडवर, वायफायला जोडलेला नाही, म्हणून त्यावर जर्मनीचीच वेळ. उन्हाळ्यात दुबई जर्मनीच्या दोन तास पुढे असते. बोर्डिंग पासवर २:४५ छापलेलं, फोनवर पाऊण वाजलेला. त्यांना वाटलं अजून दोन तास आहेत. खरं तर बोर्डिंग तेव्हाच सुरू होत होतं. शेजारी बसलेल्या एका मल्याळी बाईंनी सहज विचारलं, काका तुमचं मुंबईचं विमान तर नाही? त्या त्याच विमानाच्या होत्या. म्हणून वाचले. लाउंजमध्ये कोणी तुमच्या विमानाचं नाव पुकारत नाही. जाताना उलटं होतं, फोन भारतीय वेळेवर राहिला तर माणूस फार तर लवकर पोचेल. धोका परतीलाच आहे.

आणखी एक, आईंच्या बॅगेत भावासाठी पेढे किंवा तूप असेल तर काढा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. चिवडा, शंकरपाळे चालतात, पण शंकरपाळे तुपातले नकोत.

मिलिंद_ठाणे · १६ एप्रिल, सायंकाळी ६:०५

नो-शोचा मुद्दा मला माहीत नव्हता, तो मान्य. पण एक सांगतो. मी लाउंजला जातो ते खाण्यासाठी नाही. रात्रभराच्या प्रवासानंतर सात वर्षांच्या मुलाला रांग नसलेलं, कोरडं बाथरूम मिळणं, त्याचे कपडे बदलता येणं, दहा मिनिटं कोणी धक्का न देणं. याची किंमत दिरहममध्ये होत नाही. माझ्या मुलीला प्रवासात उलटी होते. आम्ही एकदा बारा मिनिटांसाठी लाउंजमध्ये गेलो होतो आणि मला त्या बारा मिनिटांचं कधी वाईट वाटलं नाही. माझ्याकडे भेटी शिल्लक राहून वर्षअखेर वायाच जातात.

धावपट्टी२७ · १६ एप्रिल, रात्री ९:१५

एकट्या कार्डधारकासाठी किंवा घरातल्या प्रत्येकाकडे स्वतःचा पास असेल तर मी तुमच्याशी भांडणार नाही. मोफत भेट शिल्लक आहे, गेट जवळ आहे, बारा मिनिटं का होईना. फक्त पाहुण्यांचे पैसे लागत असतील तेव्हा हिशेब बदलतो. आणि सकाळच्या गर्दीत लाउंज भरलं असेल तर पासवाल्यांना दारातच थांबवतात, ती बारा मिनिटं तिथेच जातात.

पण ताई, सगळेच जण दुबईकडे बघतोय आणि तुमचा मोठा थांबा राहून जातोय. तुम्ही रात्री दहाला मुंबईत उतरता आणि पहाटे साडेचारला निघता. साडेसहा तास! आईंना पाय पसरायची गरज तिथे आहे, तीही रात्री, झोपेच्या वेळी. दुबईच्या वीस मिनिटांपेक्षा मुंबईच्या लाउंजचा विचार करा.

मात्र तिथेही दहा वाजता लाउंज मिळणार नाही. नागपूरचं तिकीट वेगळं असल्याने बहुधा सामान पट्ट्यावरून घ्यावं लागेल. नागपूरचं विमान टर्मिनल १ ला उतरत असेल तर बाहेर पडून गाडीने टर्मिनल २ ला यावं लागेल, दोन्ही आतून जोडलेली नाहीत. मग काउंटर उघडायची वाट, तो साधारण तीन-चार तास आधी उघडतो. चेक-इन, इमिग्रेशन, सिक्युरिटी झाल्यावर लाउंज. रात्री आंतरराष्ट्रीय विमानांची गर्दी असते, दीडच्या आधी आत पोचाल असं धरू नका. तरी दीड ते सव्वातीन असा पावणेदोन तासांचा सलग वेळ मिळतो. जेवण, गोळी आणि पाय वर करून बसणं, तिन्ही होतं.

सोलापूर_एक्सप्रेस · १६ एप्रिल, रात्री ९:५०

आणि मुंबईत प्रायॉरिटी पास खिशातच ठेवा. तिथे कार्डावरची देशातली लाउंजची सवलत आहे का ते बघा. आता बऱ्याच बँकांनी मागच्या तिमाहीतल्या खर्चाची अट घातली आहे, अमुक हजार खर्च केले असतील तरच भेट मोफत. काहींना आधी बँकेच्या ॲपवरून कूपन काढावं लागतं. दारात उभं राहून ओटीपीची वाट बघणारे खूप दिसतात. आणि इंटरनेटवरच्या जुन्या याद्यांवर विश्वास ठेवू नका. बँकांची कार्डं लाउंजशी जोडून देणाऱ्या ड्रीमफोक्स कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये देशातली लाउंजची सेवा बंद केली, तेव्हापासून कोणत्या लाउंजमध्ये कोणतं कार्ड चालतं हे बरंच बदललं आहे. काही देशी सवलती फक्त देशांतर्गत लाउंजपुरत्या असतात, तुम्हाला आंतरराष्ट्रीय बाजूचं लाउंज हवं आहे. फोन करून नेमकं तेच विचारा: टर्मिनल २, आंतरराष्ट्रीय, या तारखेला, या कार्डावर.

गवतीचहा · १७ एप्रिल, सकाळी १०:२०

पण कार्ड चाललंच नाही तर? मग मुंबईत पैसे भरून आत जाणं परवडतं का?

नीलांबरी_न · १७ एप्रिल, सकाळी ११:००

आम्ही एकदा पैसे भरून गेलो होतो. रात्रीचं पूर्ण जेवण धरलं तर मला महाग वाटलं नाही, दोन तास बसायला मिळालं. पण सासूबाईंना तिथली खुर्ची खोल होती, उठायला मला हात द्यावा लागला. गुडघेदुखीवाल्यांनी सोफ्यापेक्षा जेवणाच्या टेबलाची सरळ खुर्ची घ्यावी आणि समोर दुसरी खुर्ची ओढून पाय वर ठेवावेत.

सातपुडा · १९ एप्रिल, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. ठरलं ते सांगते. बँकेला फोन केला. मुंबईत माझी एक भेट मोफत आहे, कूपन ॲपमधून काढायचं. आईचं ॲड-ऑन कार्ड आणि तिच्या नावाचा पास मागवला आहे, दोन आठवड्यांत येईल म्हणाले. आईचे मुंबईत पैसे भरू. दुबईत सरळ गेट. `DBML` दोन्ही उड्डाणांना नोंदवलं, परतीलाही. पेढे रद्द, भाऊ नाराज झाला.

सातपुडा · २१ जून, दुपारी ४:१५

परत आलो. इथे इतक्या जणांनी वेळ दिला होता, म्हणून काय झालं ते लिहायलाच हवं.

मुंबईत लाउंजच्या दाराशी १:५० ला पोचलो, बाहेर रांग होती, आत जायला सव्वादोन. आई तासभरच बसली, पण वरणभात मिळाला आणि तिने दोन खुर्च्या जोडून पाय वर घेतले. नीलांबरीचं ऐकलं.

दुबईत विमान ६:०४ ला लागलं. पूल नाही, बस. व्हीलचेअर शेवटी येते, म्हणून सगळे उतरल्यावर आम्ही. सिक्युरिटी ओलांडली तेव्हा ७:०२. मदतनीसाने ट्रेनने ए मध्ये नेलं, त्या बसण्याच्या जागेत ७:२१. दोन मिनिटं मोह झाला, कारण समोरच्या पाटीवर लाउंजचा बाण दिसत होता. गेले नाही. आईने खाकरा आणि केळं खाल्लं, मुलाला दुकानातून मफिन आणलं. ७:३३ ला दुसरा माणूस आम्हाला न्यायला आला. लाउंजला गेले असते तर तो आला तेव्हा मी काउंटरवर कार्ड शोधत असते.

परतीला दुबईत लाउंजमध्ये पावणेदोन तास बसलो. फोनला वायफाय जोडून वेळ बदलली आहे ना ते दोनदा पाहिलं. आई झोपली. मुलाने अंघोळ केली, त्याला फार बरं वाटलं.

आता एक अडचण आहे. कालच्या स्टेटमेंटवर परतीच्या लाउंजसाठी दोन पाहुण्यांचे पैसे लागले आहेत. मुलाचे एक समजू शकते. आईने तिचा स्वतःचा पास दाखवला होता, तिचे कसे?

धावपट्टी२७ · २१ जून, सायंकाळी ७:४०

आई सुखरूप जाऊन आल्या हे वाचून बरं वाटलं.

दोन शक्यता आहेत. काउंटरवर तिघांची नोंद तुमच्याच पासावर केली गेली, एक सदस्य अधिक दोन पाहुणे. किंवा आईंचा पास स्कॅन झाला, पण बँकेकडे त्यांच्या नावावर मोफत भेटी जोडलेल्याच नाहीत. कोणतं झालं ते ॲपमध्ये भेटींच्या यादीत कळेल. आईंच्या खात्यात त्या रात्रीची भेट दिसते का बघा. दिसत असेल तर दुसरी शक्यता, भांडण बँकेशी. दिसत नसेल तर पहिली. काउंटरवर सही घेतली होती का? त्यावर पाहुण्यांचा आकडा लिहिलेला असतो.

सातपुडा · २१ जून, रात्री ८:१०

सही घेतली होती, एका छोट्या स्क्रीनवर बोटाने. आकडा मी पाहिला नाही. आई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. आता ॲप उघडते.

सोलापूर_एक्सप्रेस · २१ जून, रात्री ८:२५

यादीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि बँकेला लेखी ईमेल करा, फोनवर मिटवू नका. माझं फोनवरच राहिलं होतं. काय झालं ते इथे लिहा, माझ्याही बायकोचं ॲड-ऑन कार्ड आहे आणि डिसेंबरात आम्ही जाणार आहोत.